पहाटे सव्वाचारचा रामराम

‘रामराम, माय.’
‘रामराम, लेका. उठलास?’
‘उठलो. तू?’
‘कव्हाच. च्या झाला?’
‘झाला. निघालो फडात. पोरगं?’
‘निजलंय. जपून बरं.’
‘व्हय. ठिव.’

फोन संपला. पाऊण मिनिटही झालं नसेल. बीड जिल्ह्यात, शिरूर कासार तालुक्यातल्या एका वस्तीवर साठी ओलांडलेली एक बाई बटणांचा मोबाइल पदराला पुसून कोनाड्यात ठेवते आणि चुलीकडे वळते. तिचा मुलगा तिथून तीनशे किलोमीटरच्या आसपास, सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका उसाच्या फडाकडे कोयता घेऊन निघालेला असतो. ऑक्टोबरच्या शेवटापासून मार्च-एप्रिलपर्यंत, म्हणजे कारखान्याचं गाळप सुरू असेतोवर, पहाटे सव्वाचारच्या सुमाराला हेच बोलणं होतं. शब्दही जवळजवळ हेच असतात. या दोघांची नावं मी मुद्दाम घेत नाही. बालाघाटाच्या डोंगररांगेतल्या अनेक घरांतून हा फोन याच वेळी होतो आणि तो समजून घ्यायला नावांची गरज पडत नाही.

राज्यात ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांचा आकडा दहा-बारा लाख सांगितला जातो. त्यांतला फार मोठा हिस्सा एकट्या बीड जिल्ह्यातला आहे. पाऊस कमी, जमीन हलकी आणि थोडी, गावात पावसाळ्यानंतर काम नाही. मुकादम पावसाळ्यातच घरी येतो आणि उचल देतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि एका कोयत्यामागे आज लाखभर किंवा त्याहून जास्त उचल मिळते. ती घरदुरुस्तीला, बहिणीच्या लग्नाला, मागच्या देण्याला हंगामाआधीच खर्च होते. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पीठ, गोधड्या, शेळी आणि लहान लेकरं भरून टोळी निघते. पुढचे पाच महिने उचल फेडण्यासाठी ऊस तोडायचा.

मागे राहते ती म्हातारी. हिच्याबरोबर आठ वर्षांचा नातू आहे, कारण त्याची शाळा बुडवायची नाही असं मुलाने आणि सुनेने ठरवलं. धाकटी नात मात्र त्यांच्यासोबत फडावर गेली. अंगावरचं दूध तुटलेलं नव्हतं. घरी एक गाय, चार शेळ्या, दोन एकरांत उभी ज्वारी. म्हातारीच्या गुडघ्यांनी तिचं फडावर जाणं बंद केलं. त्याआधी वीसेक वर्षं ती स्वतःच कोयता होती.

म्हणून तो फोन ती जशी ऐकते तशी दुसरं कोणी ऐकू शकणार नाही.

फोन सव्वाचारलाच का येतो, याचं कारण फडाच्या कामात आहे. तोडलेला ऊस ठेवता येत नाही. तोडल्यापासून त्याचं वजन घटत जातं, साखर उतरत जाते. चोवीस तासांच्या आत तो गव्हाणीत पडावा अशी कारखान्याची धडपड असते. त्यामुळे गाडी आली की भरायची, मग ती दुपारी तीनला येवो की रात्री एकला. बायका मोळ्या बांधतात, गडी त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवतात. रात्रीची गाडी भरून झाली की दोन-तीन तास पाठ टेकायची आणि पुन्हा अंधारात उठायचं. संध्याकाळी अमुक वाजता फोन करीन असं वचन ऊसतोड्या देऊच शकत नाही. दिवसातली एकच वेळ त्याच्या हातातली असते, ती फडात शिरण्याआधीची. चूल पेटलेली, चहा उकळतोय, कोयत्याला धार लावून झालेली. तेवढ्यात फोन.

फडात शिरल्यावर फोन कोपीवरच राहतो किंवा पिशवीत. उसाच्या पाचटाची धार हाताला, मानेला कापते. अंगावर शर्टावर शर्ट घातलेला असतो आणि घामाने सगळं भिजतं. हात रिकामा नसतो. मुकादमही फोनवर बोलणाऱ्याकडे बरं बघत नाही, कारण टोळीतल्या एकाने हात थांबवला की गाडी भरायला उशीर होतो.

आता म्हातारीला त्या पाऊण मिनिटात काय मिळतं ते पाहू. शब्द तर रोजचेच. मी तिला विचारलं, ‘मावशी, रोज तेच ते बोलता, मग कळतं काय?’ तिने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं आणि सांगायला लागली. ती सांगत गेली तशी मला त्या फोनची खोली कळली.

ती मुलाच्या आवाजामागचं ऐकते. मागे भांड्यांचा आवाज आला तर सून उठली आहे आणि हिंडती-फिरती आहे. आवाज आला नाही तर ती विचारते, ‘ती कुठंय?’ आणि उत्तर यायला किती वेळ लागतो तिकडे कान देते. नात रडत असेल तर थंडी लागली असणार, कारण कोपी म्हणजे बांबूच्या कामट्या आणि चटया; नदीकाठची पहाटेची गारठ तिच्यातून आरपार येते. ट्रॅक्टरचं इंजिन चालू असेल तर रात्रभर गाडी भरली आहे आणि पोरगा झोपलेला नाही. ‘रामराम’मधला ‘रा’ खालच्या पट्टीत आला तर अंग दुखतंय. फार मोकळा, मोठ्याने आला तर काहीतरी लपवतोय. ‘निघालो’ म्हणताना श्वास लागत असेल तर कोपीपासून फड लांब पडलाय आणि तो चालता चालताच बोलतोय. मागे माणसांची बोलणी जास्त ऐकू आली तर नव्या फडावर मुक्काम हलला आहे.

यातलं एकही तो सांगत नाही. तिने वीस वर्षं तीच पहाट जगलेली असल्यामुळे तिला आवाजांवरून पूर्ण कोपी दिसते. वस्तीवरच्या तरुण सुनेला हाच फोन दिला तर तिला ‘बरं आहे’ एवढंच कळेल.

माणसं माहिती देण्यासाठीच बोलतात असा आपला समज असतो. ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की नावाचा मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रिआंड बेटांवर राहिला होता. १९२३ मध्ये त्याने एका निबंधात लिहिलं की माणसांचं पुष्कळसं बोलणं नातं बांधून ठेवण्यापुरतंच असतं. कसं काय, बरं आहे ना, आज हवा कशी, या बोलण्यात शब्दांच्या अर्थाला फारसं काम नसतं, सोबत असणं एवढंच त्यात घडतं. पुढे भाषाशास्त्रात या विचाराला मोठी जागा मिळाली. आपला ‘रामराम’ तर याच जातीचा. पण या म्हातारीकडे पाहताना मला त्याच्या पुढचं एक दिसतं. शब्द रोज तेच असल्यामुळेच तिला बाकीचं ऐकता येतं. रोज वेगळं बोलणं झालं असतं तर ती बोलण्यात गुंतली असती. ठरलेले सात-आठ शब्द आहेत म्हणून त्यातला बारीकसा फरकही तिच्या कानाला लागतो.

आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात पटकन येत नाही. ती स्वतः कधीच फोन लावत नाही. तिला लावता येतो. दोन नंबरचं बटण दाबून धरलं की मुलाला लागतो, अशी सोय त्याने करून ठेवली आहे. पण फडात असताना घरून फोन आला तर त्याचा अर्थ एकच होतो: घरी काहीतरी वाईट घडलं. नातू पडला, गाय मेली, भावकीत कोणी गेलं. ‘माझा नंबर दिसला की त्याच्या काळजात धस्स व्हतं, म्हणून म्या लावत न्हाई,’ ती म्हणाली. सगळा भार असा एका बाजूला आहे. त्याने करायचा, तिने वाट पाहायची. काही विचारायचं असलं, शेळी विकू का, शाळेत पैसे मागितलेत, तरी ती दुसऱ्या दिवशीच्या सव्वाचारपर्यंत थांबते आणि पुष्कळदा तेव्हाही विचारत नाही, कारण पाऊण मिनिटात शेळीचा विषय बसत नाही. तसल्या बोलण्यासाठी आठवड्याच्या बाजाराचा दिवस. मुकादम खर्ची देतो, टोळी मीठ-मिरची आणायला जाते, त्या दिवशी दहा मिनिटं मिळतात.

तिच्या स्वतःच्या ऊसतोडीच्या काळात यातलं काहीच नव्हतं. दसऱ्यानंतर गाव सोडलं की पट्टा पडेपर्यंत घरचा सांगावा यायचा तो माणसांबरोबर. कोणी मयतीला गावी जाऊन परत आला, मुकादम पैशाच्या कामाने गेला, तर तो निरोप आणायचा. तिचा सासरा वारला ते तिला अठरा दिवसांनी कळलं होतं. मग कारखान्याच्या फाट्यावर पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले. पण घरी फोन कुठे होता? किराणा दुकानात फोन लावायचा, ‘बोलावून ठेवा, अर्ध्या तासाने पुन्हा करतो’ म्हणायचं, आणि त्या अर्ध्या तासात इकडे गाडी यायची.

मोबाइल गावात पोचले ते २००३ मध्ये येणारे फोन फुकट झाल्यानंतर. त्याआधी फोन घेणाऱ्यालाही पैसे पडत. येणारा फोन फुकट झाला आणि गरिबाने फोन घेतला तो ऐकण्यासाठी. त्यातून मिसकॉलची अख्खी बोली जन्माला आली. एक रिंग म्हणजे पोचलो. दोनदा म्हणजे तू लाव. पैसा न मोडता काम व्हायचं. सुरुवातीची काही वर्षं या घरातही पहाटेचा रामराम म्हणजे एक रिंगच होती. ती वाजायची, बंद व्हायची आणि म्हातारी समजायची. नंतर बोलणं स्वस्त झालं तेव्हा रिंगेच्या जागी आवाज आला. म्हातारीला विचारलं तर ती म्हणते, रिंगेने जीव राहायचा, पण आवाजाने माणूस दिसतो.

बोलणं स्वस्त झालं तरी नंबर जिवंत ठेवणं मात्र महाग होत गेलं. मागच्या हंगामातल्या एका पहाटेने या घराला ते शिकवलं.

जानेवारीतली थंडी होती. सव्वाचार वाजले, साडेचार झाले, फोन आला नाही. असं कधीमधी व्हायचं; गाडी लांबली की फोन सहापर्यंत जाई. ती शेळ्यांकडे गेली, पण फोन कमरेला खोचून. सहा वाजले. सात वाजले. तिने फोन उघडून पाहिला. काड्या पूर्ण होत्या, बॅटरी भरलेली होती. म्हणजे फोन तर चालू आहे. मग पोराचं काय झालं? तिच्या डोळ्यांपुढे काय काय आलं ते तिने मला सांगितलं. उसात साप असतो, रात्री गाडी भरताना फळी निसटते, भरलेली ट्रॉली ओढ्यात कलंडते. हे सगळं तिने कधी ना कधी पाहिलेलं आहे. शेजारच्या घरातला मुलगा त्याच टोळीत. ती तिकडे गेली. शेजारणीला तिच्या मुलाचा फोन पाचलाच येऊन गेला होता आणि तो सगळं बरं आहे म्हणाला होता. त्यामुळे तर तिची भीती वाढली. टोळी बरी आहे, फोन येतायत, मग आपलाच का नाही?

शेवटी तिने आपला नियम मोडला आणि दोन नंबरचं बटण दाबलं. मुलाऐवजी एक बाई बोलली. ती काय म्हणते ते कळेना. शेजारणीच्या बारावीतल्या मुलीने फोन कानाला लावला आणि सांगितलं, ‘आजी, तुमचं रिचार्ज संपलंय.’ मग तिने आपल्या फोनवरून आजीच्या नंबरला लावून पाहिलं. आजीच्या हातातला फोन मुका. वाजलाच नाही.

सगळा उलगडा तिथेच झाला. पॅकची मुदत संपली की आधी बाहेर जाणारे फोन बंद होतात. येणारे काही दिवस चालू राहतात आणि मग तेही थांबतात. आजी फोन लावतच नाही, त्यामुळे पहिली पायरी तिला कळायची सोय नव्हती. कंपनीचे इशाऱ्याचे मेसेज आले होते, जाहिरातींच्या ढिगात पडून होते, आणि तिला वाचता येत नाही. येणारे फोन चालू होते तोवर तिच्या लेखी फोन ठणठणीत होता.

तिकडे काय चाललं होतं ते नंतर कळलं. मुलाने सव्वाचारला लावला, लागला नाही. पुन्हा लावला. फोन बंद आहे किंवा रेंजमध्ये नाही असं ऐकू आलं असतं तर तो गप बसला असता. पण या नंबरवर सेवा उपलब्ध नाही अशा अर्थाचं काहीतरी सांगितलं गेलं, आणि ते त्याने आजवर ऐकलेलं नव्हतं. तो फडात गेला, तासाभराने परत पिशवीपाशी आला, पुन्हा लावला. असं चारदा झाल्यावर मुकादम बोलला. गडी कामावर नसला की खाडा धरतात आणि तो खाडा पैशाने भरून घेतात. शेवटी त्याने गावातल्या किराणा दुकानदाराला फोन केला: ‘माझी माय बघा, आहे का.’ दुकानदाराने पोऱ्याला सायकलवर पाठवलं. पोऱ्या वस्तीवर पोचला तेव्हा आजी शेजारणीच्या ओट्यावर बसून डोळे पुसत होती. लेक जिवंत आहे हे तिला पोऱ्याकडून कळलं, आणि ती जिवंत आहे हे लेकाला. सकाळचे साडेनऊ वाजले होते. दोघेही पाच तास एकमेकांचं मरण मनात धरून बसले होते, आणि कारण एवढंच की अठ्ठावीस दिवस भरले होते.

हा अठ्ठावीस दिवसांचा हिशेब नीट समजून घ्यायला हवा. महिना म्हणून घेतलेला पॅक चार आठवड्यांचा असतो, त्यामुळे वर्षात बारा नाही, तेरा रिचार्ज लागतात. शिवाय त्याची तारीख दर महिन्याला मागे सरकते, म्हणजे ‘एक तारखेला रिचार्ज’ असा साधा नियम लक्षात ठेवणाऱ्याचा घात होतो. दूरसंचार नियामकाने २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीने तीस दिवसांचा निदान एक पॅक ठेवावा असा आदेश काढला, पण तो मागून घ्यावा लागतो, आणि दुकानदार सवयीने अठ्ठावीसचाच मारतो. २०१८ च्या अखेरीपासून कंपन्यांनी येणारे फोन चालू ठेवण्यासाठीही किमान रिचार्जची अट घातली. सुरुवातीला ती पस्तीस रुपयांची होती. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर बऱ्याच ठिकाणी साध्यात साधा पॅक दोनशेच्या घरात गेला. त्यात इंटरनेट डेटा मिळतो, ज्याचा बटणांच्या फोनला काही उपयोग नाही. नियामकाने डिसेंबर २०२४ मध्ये सांगितल्यावर फक्त बोलण्याचे पॅकही निघाले, पण ते लांब मुदतीचे. एकदम मोठी रक्कम टाकावी लागते.

आता हे दोनशे रुपये उसाच्या भाषेत मांडून पाहू. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीची मजुरी ३४ टक्क्यांनी वाढली आणि टनाला साधारण ३६६ रुपयांवर गेली. कामाच्या प्रकाराप्रमाणे थोडा फरक पडतो. नवरा-बायको मिळून दिवसाला दीड-दोन टन तोडतात. म्हणजे आईचा फोन एक महिना ऐकता राहावा यासाठी अर्ध्या टनाहून जास्त ऊस तोडून, बांधून, डोक्यावर वाहून ट्रॉलीत चढवायचा. मुलाचा स्वतःचा फोन धरला तर एक टनाच्या वर. आणि ही मजुरी हातात येत नाही, ती उचलीत वळती होते. रोख मिळते ती खर्ची, आणि उसाची वाढी चारा म्हणून विकून आलेले सुटे पैसे. या घरात आईचं रिचार्ज वाढ्यांच्या पैशातून होतं. ज्या आठवड्यात वाढी विकली गेली नाहीत, त्या आठवड्यात ते राहून गेलं.

रिचार्ज झालं तरी चार्जिंग उरतंच. कोपीत वीज नाही. शेतकऱ्याच्या विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतून फोन चार्ज करायचा, आणि शेतीची वीज पाळीने येते, एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्यात रात्री. ज्याच्या शेतात तोड चालू आहे तो मालक समंजस असला तर ठीक, नाहीतर फाट्यावरच्या टपरीत पैसे देऊन. तिकडे वस्तीवरही थ्री फेज गेली की एखादा दिवस जातो, पण बटणांच्या फोनची बॅटरी तीन-चार दिवस काढते. म्हणून मुलाने आईला स्मार्टफोन घेऊन दिला नाही. व्हिडिओ कॉलवर लेकराचं तोंड दिसलं असतं, तिलाही ते हवं आहे. पण दिवसभरात उतरणारी बॅटरी आणि बोटाने सरकवायचा हिरवा गोल यापेक्षा हमखास वाजणारा फोन बरा, असा त्याने विचार केला, आणि मला तो पटतो.

फोन न लागण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि ऐकणाऱ्याला ती ओळखता येतात, हेही या घराने त्या पहाटेनंतर शिकून घेतलं. ‘बंद आहे’ ऐकू आलं तर बॅटरी. ‘क्षेत्राबाहेर’ म्हणाले तर रेंज किंवा टॉवरची वीज. रिंग जाते पण कोणी उचलत नाही, तर माय शेळ्यांकडे असेल. सेवा उपलब्ध नाही किंवा फोन येऊ शकत नाही असं सांगितलं, आणि इकडे काड्या दिसत असूनही फोन वाजत नाही, तर रिचार्ज. फार दिवस तसाच राहिला तर नंबरच जातो; तीन महिने कुठलाच वापर झाला नाही की कंपनी सिम बंद करू शकते आणि पुढे तोच नंबर दुसऱ्याला मिळतो. निराधार योजनेचे पैसे जमा झाल्याचा बँकेचा मेसेज आजीच्या याच नंबरवर येतो, ही भीती वेगळीच.

इतकं करून मिळालेला हा फोन सगळं सांगतो का? नाही. तो पुष्कळ लपवतोही, आणि लपवण्यासाठी त्याची लांबी फार सोयीची आहे. पाऊण मिनिटात तापाने फणफणलेला माणूसही ‘बरं हाय’ म्हणू शकतो. मुकादमाशी भांडण झालं, उचल फिटत नाही असं दिसायला लागलं, यंदाची बाकी पुढच्या हंगामावर जाणार, हे तो बोलत नाही. सुनेचं पोट दुखतं हे तर मुळीच नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून जास्त बायकांची गर्भाशयं काढलेली आढळली. त्या दुखण्यांची सुरुवात कधीतरी अशाच पहाटे झाली असणार, जेव्हा फोनवर ‘समदं ठीक’ म्हटलं गेलं. म्हातारी ‘ती कुठंय?’ विचारते त्याच्या मागे हे आहे. तिच्या जावेचं तसंच झालं होतं. भांड्यांचा आवाज दोन दिवस आला नाही तर तिसऱ्या दिवशी ती म्हणते, ‘तिला दे.’ सून फोनवर येते, रामराम घालते. सासू म्हणते, ‘उद्या घरी ऱ्हा.’ एवढंच. राहणं शक्य असतं असं नाही, कारण बाई बसली की कोयता अर्धा होतो. पण सांगितलेलं असतं.

२०२० च्या मार्चमध्ये देश बंद झाला तेव्हा या फोनचं रूपच पालटलं होतं. हंगाम संपत आलेला, टोळ्या कोपीवर अडकलेल्या, रस्ते बंद, आणि गावात कोणालाच आत घेत नव्हते. त्या दिवसांत पहाटेचा फोन बंदच झाला. दुपारी, संध्याकाळी, कधीही व्हायला लागला, अर्धा अर्धा तास चालायचा. ‘गाड्या सुटणार म्हणत्यात’, ‘तिकडं पोलिसं हायत का’, ‘डाळ हाय का’. आजी सांगते, त्या वेळी ती फोनला कंटाळली होती. इतकं बोलूनही जीव राहत नव्हता, कारण बोलण्यातली प्रत्येक गोष्ट खरीच काळजीची होती. १७ एप्रिलला सरकारने ऊसतोड मजुरांना गावी परतायला परवानगी दिली आणि टोळ्या निघाल्या. शाळेत चौदा दिवस काढून मुलगा घरी आला. त्यानंतरच्या हंगामात पहिल्या दिवशी पुन्हा पाऊण मिनिटाचा रामराम झाला तेव्हा तिला हायसं वाटलं. बोलायला काही नाही, म्हणजे सगळं जागच्या जागी आहे.

त्या जानेवारीतल्या पहाटेनंतर घराने नवी घडी बसवली आहे. यंदा उचल आली तेव्हा मुलाने शेळीच्या पेंडीआधी आईच्या नंबरवर चौऱ्याऐंशी दिवसांचा पॅक टाकून घेतला आणि दुकानदाराकडून त्याची संपायची तारीख वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतली. तो पुठ्ठा नातवाच्या दप्तरात असतो. शाळेत रोज फळ्यावर तारीख लिहितात, ती पाहून त्याने घरी सांगायचं. शेजारणीचा, दुकानदाराचा आणि मुकादमाच्या बायकोचा असे तीन नंबर चुलीमागच्या भिंतीवर रंगाने मोठे लिहिले आहेत, तीन, चार आणि पाच नंबरच्या बटणांवरही तेच लावले आहेत. आणि दर बाजारच्या दिवशी दुपारी आजीने आपल्याकडून एकदा फोन लावायचा, असं दोघांनी ठरवलं आहे. त्या वेळी तिचा नंबर दिसला तर घाबरायचं नाही. पहिल्या आठवड्यात तिने लावला तेव्हा तो आधी घाबरलाच. मग म्हणाला, ‘लागतोय, माय. आता शेळीचं सांग.’